‘नको’ म्हटलं की यंत्र म्हणतं नेपाळी

टेस्टर_परळ

मंडळी, डोकं उठलंय. घरी येऊन रक्त घेणाऱ्या एका लॅबचं सॉफ्टवेअर आमची कंपनी सांभाळते. आदल्या संध्याकाळी पेशंटला मेसेज जातो, "उद्या सकाळी ७ वाजता येऊ का?" लोक उत्तर टाकतात, त्या उत्तराची भाषा एक प्रोग्रॅम ओळखतो आणि त्या त्या भाषेच्या टेबलावर मेसेज जातो. टेबलं चारच आहेत: मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. बाकी सगळं ‘इतर’ नावाच्या खात्यात पडतं. ते खातं रोज बघायचं असं ठरलं होतं, प्रत्यक्षात कोणी बघत नाही.

गेल्या मंगळवारी भांडुपच्या टेकडीवर रक्त घेणारा एक फ्लेबो भर पावसात शंभरेक पायऱ्या चढून गेला. वर आजींनी दार उघडून विचारलं, "अरे, मी नको म्हणून कळवलं होतं ना?" खरंच कळवलं होतं. मेसेजमध्ये एकच शब्द होता, `नको`. शेजारी लेबल `ne`, म्हणजे नेपाळी, आणि खात्री नव्याण्णव टक्क्यांच्या पुढे. तोच शब्द मी स्वतः पुन्हा चालवला तर एकदा `ne`, एकदा `hi`. मराठी एकदाही नाही!

लायब्ररी `langdetect`, पायथॉनची. मोठी वाक्यं बिनचूक ओळखते. मग ‘नको’नेच काय घोडं मारलं?

सुमा_पार्ले

माझंही अगदी असंच होतं! मी "बरं" लिहिते आणि फोन त्याचं "बार" करतो. मुलीच्या सासूबाईंना "बार, येते संध्याकाळी" असा मेसेज गेला होता. सेटिंगमध्ये जाऊन सजेशन बंद करा, थांबतं.

टेस्टर_परळ

सुमाताई, तो कीबोर्डचा प्रताप. आमच्याकडे शब्द जसाच्या तसा पोचतोय, फक्त तो कुठल्या भाषेतला ते चुकतंय. सासूबाईंचं पुढे काय झालं ते मात्र सांगा.

कांदेपोहे

सोपं आहे. ही यंत्रं विकिपीडियावर शिकवलेली असतात आणि मराठीत मजकूर कमी, म्हणून मराठी हरते. मोठं मॉडेल घ्या. `fastText` चं `lid.176.bin` उतरवून घ्या, १७६ भाषा आहेत त्यात. विषय संपला.

जुना_जुळारी

कांदेपोहे, विकिपीडियाचं बरोबर, पण "कमी म्हणून हरते" हे पटत नाही. नेपाळी विकिपीडिया मराठीपेक्षा लहान आहे. मग नेपाळी कशी जिंकली? शिवाय इथे तुकड्यांचं प्रमाण मोजतात, नुसती संख्या नाही. आणि १७६ भाषांचं मॉडेल आणलंत तर देवनागरीतले उमेदवार वाढतील: मराठी, हिंदी, नेपाळी तर आहेतच, त्यात संस्कृत, मैथिली, नेवारी, गोव्याची कोकणी. दोन अक्षरांच्या शब्दासाठी गर्दी वाढवून काय मिळणार?

परळकर, तुमचा शब्द हातात घेऊन बघू. `langdetect` शब्द वाचत नाही, शब्द म्हणजे काय ते तिला ठाऊकच नाही. ती एक, दोन आणि तीन चिन्हांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकडा कुठल्या भाषेत किती वेळा दिसतो ते बघते. सुरुवातीची मोकळी जागाही ती धरते. ‘नको’ आपल्याला दोन अक्षरं वाटतात, यंत्राला तीन चिन्हं: न, क आणि ो ही मात्रा. हे चालवून बघा:

```python
w = " नको"
for i in range(1, len(w)):
    for n in (1, 2, 3):
        if i - n + 1 >= 0:
            print(repr(w[i-n+1:i+1]))
```

आठ तुकडे पडतील. त्यांतले सुटे न, क आणि ो काहीच सांगत नाहीत, ते सगळीकडे आहेत. बोलणारे तुकडे उरतात ‘को’ आणि ‘नको’. आता ‘को’ कुठे जास्त दिसतं ते मनातल्या मनात आठवा. हिंदीत ‘राम को’, ‘मुझ को’. नेपाळीत तर...

दार्जिलिंग_रिटर्न

मध्येच बोलतो, माफ करा. नोकरीनिमित्त मी चार वर्षं दार्जिलिंगला होतो. नेपाळीत आपल्या ‘चा’च्या जागी ‘को’ येतं आणि ते शब्दाला चिकटवून लिहितात. रामको घर, नेपालको राजधानी. सुटं ‘को’ म्हणजे ‘कोण’. नेपाळी पेपर उघडा, दर ओळीत को, को, को.

जुना_जुळारी

अगदी हेच म्हणणार होतो, तुम्ही ऐकलेलं सांगितलंत ते जास्त बरं झालं. आता ‘नको’ हा अख्खा तीन चिन्हांचा तुकडा घ्या. आपल्याला वाटतं तो तरी आपला. पण नेपाळीत न ने संपणारा कुठलाही शब्द घेतला आणि को लावला की तो तयार: जीवनको, संविधानको, स्थानको. हिंदीत उनको, इनको, जिनको. यंत्राला तुकडा शब्दाच्या पोटातून आला की तो स्वतःच अख्खा शब्द आहे, याचं सोयरसुतक नाही. ‘जागा-न-क’ या एका तुकड्यात शब्दाची सुरुवात आहे, पण तोही नकल, नकद, नकारात्मक यांच्यात वाटला जातो.

आणि आपल्या बाजूने साक्ष द्यायला कोण येतं? मराठी विकिपीडियात ‘नको’ कितीदा सापडेल? तिथे "हे शहर नदीकाठी वसलेले आहे", "त्यांनी शिक्षण घेतले" असली मराठी. कोणी कोणाला "चहा नको" म्हणत नाही. बोलण्यातले झालं, केलं, बरं हेसुद्धा तिथे झाले, केले, बरे होऊन बसतात. म्हणजे यंत्र मराठी शिकलंय, पण सुटाबुटातली. भांडुपच्या आजी बोलतात ती त्याच्या कानावरून गेलेलीच नाही.

बदलापूर_६_१३

हे पटलं. पण मग चुकलं तर चुकलं, नव्याण्णव टक्के खात्री कशाच्या जोरावर? आठ तुकड्यांवर इतका माज?

जुना_जुळारी

हा प्रश्न खरा. मीही पूर्वी समजायचो की खात्रीचा आकडा मोठा म्हणजे पुरावा मोठा. मग एकदा कोड उघडून बघितला.

ही लायब्ररी आठ तुकडे एकदाच मोजून थांबत नाही. त्यांतला एक चिठ्ठीसारखा उचलते, गुणाकार करते, परत पिशवीत टाकते, पुन्हा एक उचलते. एखाद्या भाषेची शक्यता ०.९९९९९ च्या वर जाईपर्यंत हे चालतं, नाहीतर हजार उचलींनंतर थांबतं. असे सात फेरे होतात आणि त्यांची सरासरी निघते. मजकूर मोठा असेल तर पिशवीत शेकडो वेगवेगळ्या चिठ्ठ्या असतात, तिथे हे निभावून जातं. तुमच्या पिशवीत आठ.

समजायला एक आकडा धरू, खरा नाही. समजा प्रत्येक तुकडा सरासरीने मराठीपेक्षा नेपाळीकडे फक्त १.२ पट झुकतो. आठही तुकडे एकेकदा मोजले तर १.२ चा आठवा घात, साधारण ४.३. दोघांतच विभागलं तर नेपाळी ८१ टक्के. चूकच, पण निदान थोडी शंका शिल्लक राहते. आता तेच आठ तुकडे परत परत उचलून ६४ वेळा गुणा. गुणोत्तर लाखाच्या पुढे जातं आणि यंत्र "खात्री पटली" म्हणून थांबतं. नवा पुरावा शून्य. एकाच साक्षीदाराला चौसष्ट वेळा पिंजऱ्यात उभं केलं आणि चौसष्ट साक्षीदार लिहून घेतले.

कधी `ne` कधी `hi` येतं तेही यातूनच. दोन भाषा जवळजवळ असल्या की चिठ्ठ्या कुठल्या क्रमाने निघाल्या त्यावर निकाल फिरतो.

टेस्टर_परळ

बाप रे. म्हणजे आम्ही "खात्री ९० टक्क्यांखाली असेल तर माणसाने बघावं" असा नियम लावलाय तो...

जुना_जुळारी

छोट्या शब्दांवर तो नियम बऱ्याचदा लागूच होणार नाही. शब्द छोटा असला तरी चुकेल त्याच तोऱ्यात.

कांदेपोहे

त्याला उपाय आहे की. सीड लावा, म्हणजे चिठ्ठ्या दर वेळी त्याच क्रमाने निघतील, माहितीपत्रकातच लिहिलंय.

```python
from langdetect import DetectorFactory, detect_langs
DetectorFactory.seed = 0
print(detect_langs("नको"))
```

बदलापूर_६_१३

त्याने काय, दर वेळी तेच चुकीचं उत्तर येईल. आमची ६:१३ रोज न चुकता उशिरा येते, तसं.

जुना_जुळारी

:-) टेस्टिंगसाठी सीड हवंच, नाहीतर कालची चूक आज सापडत नाही. पण त्याने उत्तर सुधारत नाही.

कांदेपोहे

बरं, मग ‘ळ’ बघा. ळ असला की मराठी. हिंदीत नाही, नेपाळीत नाही. दोन ओळींचा कोड.

गावडेकाका

आमच्या मालवणीत ळ नाय होय? गोव्याच्या कोकणीत पण असा. राजस्थानातली माणसं पण ळ म्हणतात. ळ म्हणजे मराठीच, हे कोणी ठरवलं?

दुसरं असं की आमच्या घरच्या ग्रुपवर मी "खंय आसस" लिहिलं, ते भाचीच्या ऑफिसच्या कसल्याशा यंत्राने कोकणी म्हणून दाखवलं. ती म्हणते मामा, चुकलं. मी म्हणतो चुकलं कुठे?

जुना_जुळारी

काका, तुमच्या प्रश्नाला मी हात घालत नाही, त्यावर माणसांचंच एकमत नाही. मालवणी मराठीची बोली की कोकणीची, हे यंत्राने ठरवायचं म्हणजे कठीण.

ळ चा उपयोग उलट बाजूने करावा. ळ दिसला की हिंदी आणि नेपाळी मागे पडतात, एवढंच धरा. ऱ्या, ऱ्हा यांतला अर्धा ऱ दिसला तरी पारडं बरंच मराठीकडे झुकतं. उलट ड़, ढ़ अशी खाली टिंब असलेली अक्षरं आली तर मराठी मागे पडते. पण परळकरांच्या ‘नको’त यांतलं काहीच नाही. ‘हो’, ‘बरं’, ‘चालेल’, ‘उद्या’ कशातच नाही. खुणा असतात त्या लांब वाक्यांत, जिथे त्यांची फारशी गरज नसते.

टेस्टर_परळ

मी मधल्या वेळात एक केलं. `set_prior_map` सापडलं, त्यात आधीच सांगता येतं की मराठीची शक्यता जास्त धर. मराठी ०.७, हिंदी ०.२, नेपाळी ०.१ दिलं. काही फरक नाही!

जुना_जुळारी

पडणारच नाही, तेच चौसष्ट वेळांचं गणित. सुरुवातीला सातपट वजन दिलंत, ते पहिल्या दहा-अकरा उचलींतच धुऊन निघतं. टिकतं फक्त शून्य, कारण शून्याला कितीही गुणलं तरी शून्य. नेपाळीला शून्य द्या, ती कायमची बाहेर. तुमच्या पेशंटांत नेपाळीत लिहिणारं कोणी असेल तर तेही गेले, हे लक्षात ठेवा. वॉचमन मंडळीही रक्त तपासतात.

आणि मग मराठी आणि हिंदी उरतील. तिथे उनको-इनको वाट बघतच आहेत.

दार्जिलिंग_रिटर्न

गंमत म्हणजे ‘हो’. नेपाळीतही ‘हो’ म्हणजे हो! त्याला यंत्राने नेपाळी म्हटलं तर चूक कशी म्हणायची? शब्द तोच, अर्थ तोच.

सुमा_पार्ले

आणि आमच्या हिंदी बोलणाऱ्या शेजारणीने "आई" लिहिलं तर ती "आले" म्हणते, मी लिहिलं तर माझी आई. अक्षरं तीच ना? मग एका शब्दावरून कुठलंही यंत्र कसं ओळखणार? मला यातलं काही कळत नाही, पण मलाही नाही ओळखता येणार.

(सासूबाईंनी विचारलं, कुठल्या बारमध्ये. आता सगळं घर विचारतं.)

जुना_जुळारी

सुमाताई, यातलं कळत नाही म्हणता आणि सगळ्यात नेमकं तुम्हीच बोललात. ‘नको’ची चूक ही चूकच आहे, माणूस ते क्षणात ओळखतो. ‘आई’ किंवा ‘घर’ नुसतं आलं तर माणसालाही उत्तर नाही. दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याला औषध आहे: नेमक्या अशा शब्दांची छोटी यादी. नको, नाही, होय, बरं, चालेल, उद्या, परवा, झालं, आलो, थांबा. अख्खा मेसेज यादीतल्या शब्दाशी जुळला तर यंत्राला विचारायचंच नाही. यादी पुस्तकातून करू नका, तुमच्या ‘इतर’ खात्यातून काढा. ते खातं म्हणजे आयती यादी आहे.

दुसऱ्या आजारावर यादीही चालत नाही. तिथे `und` लिहून मोकळं व्हायचं. भाषा ठरवता आली नाही यासाठी तो अधिकृत कोड आहे.

टेस्टर_परळ

साहेब `und` ला तयार होणार नाहीत. त्यांच्या रिपोर्टात भाषेचा गोल तक्ता असतो, त्यात एक राखाडी फोड आलेली चालत नाही म्हणे.

रोमनचं तर अजून सांगितलंच नाही. कितीतरी लोक इंग्रजी अक्षरांत लिहितात. कालचे तीन मेसेज: `hoy`, `mala chalel`, `nako`. पहिल्याला `es` मिळालं. गोरेगावात स्पॅनिश!

बदलापूर_६_१३

स्पॅनिशमध्ये `hoy` म्हणजे ‘आज’. तुम्ही विचारलं उद्या येऊ का, स्पॅनिश काकू म्हणाल्या आज या. `mala` पण त्यांचाच, ‘वाईट’ बाई. बायकोने स्पॅनिशचा क्लास लावलाय, म्हणून माहीत.

जुना_जुळारी

रोमनमध्ये ही लायब्ररी मराठी कधीच म्हणणार नाही, कारण तिचं मराठी देवनागरीवरच शिकलेलं आहे. रोमन लिपी दिसली की तिच्या लेखी मराठी स्पर्धेतच नाही. तिथे चुकण्याचाही प्रश्न नाही, बरोबर यायची सोयच नाही. तेव्हा आधी लिपी बघा, मग पुढचं. रोमन यादी वेगळी करा आणि तिची चार-चार रूपं धरा: `nako`, `nakko`, `nko`, `nako re`.

पण परळकर, एक विचारू? तुम्हाला भाषा हवीय कशाला? प्रश्न तुम्हीच विचारलाय, येऊ का. उत्तर हो, नाही, किंवा वेळ बदला. ‘नको’, ‘नहीं’, ‘ना’, `no` हे सगळे एकाच खणात जायचे. फ्लेबो पाठवायचा की नाही हे भाषेवर ठरतच नाही. भाषेचा रकाना साहेबांच्या तक्त्यासाठी ठेवा हवा तर, पण पोराचा फेरा त्याला बांधू नका.

कांदेपोहे

हे मात्र खरं. मीही हेच म्हणणार होतो.

टेस्टर_परळ *(चार दिवसांनी)*

अपडेट देतो. अर्थाची यादी आधी, भाषा नंतर, असं फिरवलं. ‘इतर’ खात्यात बसून दोन संध्याकाळी हाताने यादी काढली. छोट्या मेसेजला एकट्याला भाषा द्यायची नाही, त्याच नंबरचे आधीचे चार-पाच मेसेज जोडून मग विचारायचं असं केलं. बराच फरक पडला. भांडुपच्या आजी आता मराठी आहेत.

पण जोडण्यातही एक भानगड निघाली. एकाच फोनवरून आई मराठीत लिहिते आणि मुलगा हिंदीत. मिळून जे होतं त्याला यंत्र एकदा मैथिली म्हणालं. मी मध्येच `fastText` लावून बघितलं होतं, कांदेपोहेंच्या सांगण्यावरून. ते काढलं.

कांदेपोहे

मी वाक्यांसाठी म्हटलं होतं.

टेस्टर_परळ

:-) आणि आज कुर्ल्याहून एक आलाय, देवनागरीत, `नक्को`. मला वाटलं आजींसारखंच कोणीतरी, क दोनदा दाबला गेला. फोन करून बघितला तर दखनी बोलणारे चाचा, मूळचे सोलापूरकडचे. घरात असंच बोलतात म्हणे. याला कुठली भाषा लिहू?

जुना_जुळारी

दखनीत ‘नक्को’ आहेच, तो आपल्याच ‘नको’वरून गेलाय असं म्हणतात. लेबल काय द्यायचं ते मलाही सांगता येणार नाही. दखनीला यांतल्या कुठल्याच यंत्रात रकाना नाही, उर्दू लिहिलं तर लिपी देवनागरी, मराठी लिहिलं तर चाचा हसतील.

गावडेकाका

लेबल मरूं दे रे. फ्लेबोक पाठवलंस काय?

टेस्टर_परळ

नाही काका. ‘नक्को’ यादीत टाकला, ‘नको’च्याच खणात.